शून्य लांबीचा उजेड

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गळीत हंगाम सुरू झाला की एक शब्द दिवसरात्र कानावर पडतो : पोल. रसाचा पोल किती, बगॅसमधून किती पोल गेला, मळीत किती राहिला. हा पोल म्हणजे पोलॅरिमीटर नावाच्या यंत्राचं वाचन. एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश रसाच्या नळीतून सोडायचा आणि तो किती अंशांनी वळून बाहेर आला ते पाहायचं. साखरेच्या रेणूला हा प्रकाश वळवण्याची खोड आहे. १०० मिलिलिटर द्रावणात २६ ग्रॅम शुद्ध साखर, नळीची लांबी २०० मिलिमीटर, सोडियमच्या दिव्यासारखा पिवळा प्रकाश आणि तापमान २० अंश एवढं जमवलं, की कंपाची दिशा सुमारे ३४.६ अंशांनी वळते. साखरेच्या आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर हेच १०० चं चिन्ह.

कॉलेजात ज्यांनी मॅट्रिक्स शिकल्या त्यांना हर्मिशियन आणि युनिटरी हे दोन शब्द पुसट आठवत असतील. व्याख्या पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि विषय संपला. ही व्याख्या तशीच का असावी, हे मात्र फळ्यावर फारसं येत नाही. माझ्या मते तिथं जायला साखरेच्या नळीइतकी सरळ वाट दुसरी नाही.

नळी थोडी लांब करू. त्याच द्रावणाची ५२ सेंटिमीटरची नळी घेतली तर प्रकाश बरोबर ९० अंशांनी वळेल. आडवा कंप आत गेला तर उभा होऊन बाहेर येईल, आणि उभा गेला तर आडवा होईल, पण उलट्या दिशेने. प्रकाशाच्या कंपाचे आडवा भाग आणि उभा भाग असे दोन आकडे मांडले, तर (१, ०) चं (०, १) होतं आणि (०, १) चं (−१, ०). नळीचं हे सगळं वागणं चार आकड्यांच्या एका चौकटीत मावतं :

[ ०  −१ ]
[ १   ० ]

आता प्रश्न असा की या नळीतून न वळता बाहेर पडेल अशी एखादी कंपाची दिशा आहे का? मॅट्रिक्स लावल्यावर ज्या सदिशाची दिशा तीच राहते, फक्त त्याला एका आकड्याने गुणलं जातं, त्याला आयगेन सदिश म्हणतात आणि त्या आकड्याला आयगेन मूल्य. इथं उत्तर उघड दिसतं. नळी सगळ्यांनाच काटकोनात वळवते, तेव्हा कोणीच वाचत नाही. बीजगणिताला विचारलं तर ते λ² + १ = ० हे समीकरण पुढे करतं, आणि त्याला वास्तव संख्यांमध्ये उत्तर नाही.

पण i घेतला, म्हणजे ज्याचा वर्ग −१ आहे अशी संख्या घेतली, तर उत्तरं आहेत : i आणि −i. आणि सदिशही सापडतो, (१, i). त्याला मॅट्रिक्स लावून पाहा. पहिला आकडा −i येतो, दुसरा १. म्हणजे (−i, १), आणि हे (१, i) ला −i ने गुणल्यासारखंच आहे. दिशा तीच राहिली.

हा कागदी खेळ वाटेल. पण प्रकाशाच्या हिशोबात i ला साधा अर्थ आहे : त्या भागाचा कंप दुसऱ्या भागापेक्षा पाव लाटेने मागे-पुढे आहे. आडवा कंप आणि त्याच मापाचा पण पाव लाटेने सरकलेला उभा कंप एकत्र केले, तर कंपाचं टोक सरळ रेषेत पुढे-मागे न होता वर्तुळात फिरतं. याला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश म्हणतात. आता वर्तुळ ९० अंशांनी वळवलं तर काय होईल? वर्तुळच राहील. फक्त फेरी कुठून सुरू झाली ती जागा पाव फेरीने सरकेल. −i ने गुणणं म्हणजे तेवढंच. सरळ कंपांमध्ये वाचलेला कोणी सापडला नाही, कारण वाचणारा गोल फिरत होता. फ्रान्सच्या फ्रेनेलने १८२२ च्या सुमारास हेच ओळखलं : सरळ कंप म्हणजे उजवीकडे आणि डावीकडे फिरणाऱ्या दोन वर्तुळाकार लाटांची बेरीज, आणि वळवणाऱ्या पदार्थात या दोघींचा वेग किंचित वेगळा असतो. फरक किती? आपल्या २०० मिलिमीटरच्या नळीत पिवळ्या प्रकाशाच्या साडेचार लाखांहून जास्त लाटा मावतात. तेवढ्या वाटचालीत दोघींमध्ये जेमतेम एक पंचमांश लाटेचं अंतर पडतं, आणि त्यातून साखरेचा पोल वाचता येतो. (यातली उजवी कोणती आणि डावी कोणती यावर प्रकाशशास्त्राची पुस्तकं आजही एकमेकांशी भांडतात, म्हणून मी त्यात पडत नाही.)

इथवर ठीक. आता या (१, i) ची लांबी काढू. शाळेतल्या पायथागोरसप्रमाणे दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज : १² + i² = १ − १ = ०. लांबी शून्य. पण कंपाच्या लांबीचा वर्ग म्हणजे प्रकाशाची तीव्रता, आणि वर्तुळाकार प्रकाश पडद्यावर लख्ख दिसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाला गणित शून्य म्हणत असेल, तर चूक उजेडाची नाही, मोजपट्टीची आहे.

मोजपट्टी दुरुस्त करण्याचा उपाय छोटा आहे. संमिश्र संख्येचा स्वतःशी गुणाकार करायचा नाही, तिच्या संयुग्मी जोडीदाराशी करायचा. जोडीदार म्हणजे i च्या जागी −i घातलेली तीच संख्या. ३ + २i चा जोडीदार ३ − २i. दोघांचा गुणाकार ९ + ४ = १३, कायम धन. या पट्टीने (१, i) च्या लांबीचा वर्ग १ × १ + (−i) × i = १ + १ = २. उजेड परत आला. दोन सदिश एकमेकांना काटकोनात आहेत का, हे तपासतानाही हाच नियम : पहिल्याचे आकडे संयुग्मी करून मग दुसऱ्याशी गुणायचे.

आता सममित मॅट्रिक्सकडे वळू. वास्तव संख्यांच्या जगात ती फार गुणी. कर्णाच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखे तेच आकडे, म्हणजे ओळींचे स्तंभ केले तरी काही बदलत नाही. पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २ घ्या. ही मॅट्रिक्स म्हणजे रबराचा चौकोन ताणणं : (१, १) या तिरक्या दिशेने तिप्पट ताण, आणि तिच्या काटकोनातल्या (१, −१) दिशेने आहे तसं. सगळ्या वास्तव सममित मॅट्रिक्स अशाच वागतात. आयगेन मूल्यं वास्तव, आयगेन दिशा परस्परांशी काटकोनात. कोशीने १८२९ मध्ये ही मूल्यं वास्तव असतात हे सिद्ध केलं, आणि त्या समीकरणांचं नातं ग्रहांच्या कक्षांमध्ये अतिशय हळूहळू होणाऱ्या बदलांशी होतं.

मग आत संमिश्र आकडे टाकून तीच आरशाची अट ठेवली तर? ही मॅट्रिक्स पाहा :

[ १   i ]
[ i  −१ ]

आरशात अगदी बरोबर. पण तिचा स्वतःशी गुणाकार केला तर चारही जागी शून्य येतं. करून बघा, मिनिटभराचं काम आहे. म्हणजे दोनदा लावली की ती सगळंच पुसून टाकते, त्यामुळे तिची दोन्ही आयगेन मूल्यं शून्य. आणि आयगेन दिशा? दोन हव्या होत्या, मिळते एकच, आणि ती म्हणजे पुन्हा आपला (१, i). काटकोनातल्या जोडीचा प्रश्नच मिटला. सममित मॅट्रिक्सचा सगळा गुण एका झटक्यात गेला, आणि तो घालवणारा तोच सदिश, ज्याला जुन्या पट्टीने शून्य लांबी दिली होती.

हा योगायोग नाही. सममितीचा खरा अर्थ आकड्यांच्या आरशात नसून गुणाकारात आहे : पहिल्या सदिशाला मॅट्रिक्स लावून दुसऱ्याशी गुणलं, किंवा दुसऱ्याला लावून पहिल्याशी गुणलं, तरी उत्तर तेच यायला हवं. आता गुणाकारातच संयुग्मीपणा शिरला, तर मॅट्रिक्सच्या आरशातही तो शिरायला हवा. म्हणून नवी अट : ओळींचे स्तंभ करा, आणि प्रत्येक आकडा संयुग्मी करा. हे केल्यावर जी मॅट्रिक्स तशीच राहते ती हर्मिशियन. कर्णावरचे आकडे मग आपोआप वास्तव होतात, कारण त्यांना स्वतःचाच जोडीदार व्हायचं असतं. हे नाव शार्ल एर्मिट या फ्रेंच गणितज्ञावरून पडलं. त्याने १८५५ मध्ये कोशीचा निष्कर्ष या नव्या रूपालाही लागू होतो हे दाखवलं. मॅट्रिक्सचा स्वतंत्र बीजगणित म्हणून विचार करणारा केलीचा प्रसिद्ध निबंध त्यानंतर ३ वर्षांनी, १८५८ मध्ये आला, तेव्हा ज्या वस्तूला आज एर्मिटचं नाव आहे ती त्याने स्वतः या चौकटीच्या रूपात पाहिली नव्हती.

एक उदाहरण पूर्ण सोडवू :

[  २    १−i ]
[ १+i    ३  ]

कर्ण वास्तव, कर्णाबाहेरचे दोघे एकमेकांचे जोडीदार. आयगेन मूल्यांसाठी वर्गसमीकरण लागतं, आणि दोन बाय दोनच्या मॅट्रिक्ससाठी ते दहावीच्या पुस्तकातलंच : λ² वजा कर्णाची बेरीज गुणिले λ, अधिक निश्चयक. बेरीज ५. निश्चयक २ × ३ वजा (१−i)(१+i), म्हणजे ६ − २ = ४. समीकरण λ² − ५λ + ४ = ०, मुळं १ आणि ४. दोन्ही वास्तव. मूल्य ४ साठी आयगेन सदिश (१, १+i), मूल्य १ साठी (−१+i, १). काटकोन तपासताना पहिला संयुग्मी करून गुणा : (−१+i) + (१−i) = ०. बरोबर काटकोन. संयुग्मी न करता गुणलं असतं तर २i आलं असतं, आणि दोन लंब दिशा तिरक्या वाटल्या असत्या.

मूल्यं वास्तवच का आली, हे त्या वर्गसमीकरणाच्या विवेचकातून दिसतं, मुळं वास्तव आहेत की नाहीत ते ठरवणाऱ्या त्या b² − ४ac मधून. कर्णावर p आणि q, बाहेर b आणि त्याचा जोडीदार असेल, तर विवेचक (p − q)² अधिक ४ गुणिले b च्या लांबीचा वर्ग एवढा येतो. दोन्ही पदं वर्ग, दोन्ही ऋण होऊच शकत नाहीत. मुळं वास्तव येणारच. नुसत्या सममित मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या पदाच्या जागी ४b² असतं, आणि b संमिश्र असेल तर b² हवं तसं भटकतं. आपल्या बिघडलेल्या मॅट्रिक्समध्ये तो विवेचक ४ − ४ = ० झाला होता. मोठ्या आकाराच्या मॅट्रिक्ससाठी युक्तिवाद वेगळा लागतो, पण गाभा तोच : सदिश आणि त्याचं मॅट्रिक्स लावलेलं रूप यांचा गुणाकार स्वतःचाच संयुग्मी निघतो, आणि स्वतःचा संयुग्मी असलेली संख्या वास्तवच असते.

संगणकावर हा फरक विसरला तर फजिती शांतपणे होते. पायथनमधली `numpy` ही गणिताची लायब्ररी हर्मिशियन मॅट्रिक्ससाठी `eigh` नावाचं खास फंक्शन देते. ते मॅट्रिक्सचा फक्त कर्ण आणि खालचा अर्धा भाग वाचतं, वरचा भाग जोडीदार असेलच असं धरून चालतं आणि तपासत मात्र नाही. तिला हर्मिशियन नसलेली, नुसती सममित मॅट्रिक्स दिली तर :

```python
import numpy as np
A = np.array([[2, 1-1j], [1-1j, 3]])
print(np.linalg.eigh(A)[0])
print(np.linalg.eigvals(A))
print(np.allclose(A, A.conj().T))
```

`eigh` ठामपणे १ आणि ४ सांगतं. खरी मूल्यं `eigvals` देतं, आणि ती साधारण ३.५६ − ०.९४i आणि १.४४ + ०.९४i अशी आहेत. कुठेही लाल अक्षरात चूक दिसत नाही. शेवटची ओळ `False` म्हणते, ती आधी चालवायची सवय लावली की झालं. दुसरा सापळा असा की `numpy` मध्ये `A.T` फक्त ओळी-स्तंभ बदलतं, संयुग्मी करत नाही, तर मॅटलॅबमध्ये `A'` दोन्ही करतं आणि नुसत्या अदलाबदलीसाठी `A.'` लिहावं लागतं. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणलेला प्रोग्रॅम इथं हमखास ठेचकाळतो.

आता परत नळीकडे. लंबकोनीय मॅट्रिक्स, म्हणजे ऑर्थोगोनल, वास्तव सदिशाची लांबी बदलत नाही, फक्त फिरवते किंवा आरशात उलटवते. संमिश्र जगात नव्या पट्टीने लांबी जपणारी मॅट्रिक्स म्हणजे युनिटरी. तिला तिच्याच संयुग्मी अदलाबदलीने गुणलं की एकक मॅट्रिक्स मिळते. तिच्या आयगेन मूल्यांबद्दलचा नियम एका वाक्यात सिद्ध होतो : आयगेन सदिशाला मॅट्रिक्स लावली की तो λ पटीने बदलतो, पण त्याची लांबी तर बदलता कामा नये, म्हणून λ ची लांबी १ च असणार. संमिश्र संख्यांच्या पटलावर अशा सगळ्या संख्या मध्यापासून १ अंतरावरच्या वर्तुळावर बसतात. आपल्या ५२ सेंटिमीटरच्या नळीची मूल्यं i आणि −i दोन्ही त्या वर्तुळावर आहेत. २०० मिलिमीटरच्या नळीची मूल्यं त्याच वर्तुळावर ३४.६ अंश वर आणि ३४.६ अंश खाली. पोलॅरिमीटर जो कोन वाचतो तो म्हणजे आयगेन मूल्याचा कोन.

उलट दिशेने मात्र हा नियम वापरू नये. पहिली ओळ १, १ आणि दुसरी ०, १ असलेल्या मॅट्रिक्सची दोन्ही मूल्यं १ आहेत, पण ती (०, १) ला (१, १) करून लांबवते. मूल्यं वर्तुळावर असणं ही खूण आहे, पुरावा नाही.

हर्मिशियन आणि युनिटरी या दोघींचं आपसातलं नातं नळीतच दडलेलं आहे. पहिली ओळ ०, −i आणि दुसरी i, ० अशी मॅट्रिक्स घ्या. कर्णापलीकडे जोडीदार आहेत, म्हणजे ती हर्मिशियन. तिची आयगेन मूल्यं +१ आणि −१, आणि आयगेन सदिश तेच दोन गोल फिरणारे, (१, i) आणि (१, −i). ही मॅट्रिक्स प्रकाशाला एकच प्रश्न विचारते, तू कुठल्या बाजूला फिरतोस? उत्तर वास्तव आकड्यातच येतं. नळीची युनिटरी मॅट्रिक्स हिच्यापासूनच बनते : हर्मिशियनचं प्रत्येक मूल्य कोनाने गुणून वर्तुळावर गुंडाळायचं, दिशा त्याच ठेवायच्या. क्वांटम भौतिकीत मोजायच्या राशी हर्मिशियन आणि काळाबरोबर होणारे बदल युनिटरी असतात, ते याच जोडीमुळे. १९२७ मध्ये पाउलीने इलेक्ट्रॉनच्या स्पिनसाठी ज्या तीन मॅट्रिक्स मांडल्या त्यातली एक हुबेहूब हीच. आणि प्रकाशाच्या बाबतीत ते +१ आणि −१ नुसते कागदावरचे नाहीत. १९३६ मध्ये रिचर्ड बेथने प्रिन्स्टनमध्ये क्वार्ट्झच्या बारीक धाग्याला टांगलेल्या चकतीवर वर्तुळाकार प्रकाश सोडला आणि प्रकाश तिला पीळ देतो हे मोजून दाखवलं.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे नळीतला द्रव स्वच्छ असणं. उसाचा ताजा रस असतो गढूळ आणि गडद. तो प्रकाश गिळतो. नळीच्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं मग वर्तुळावर राहत नाहीत, आत मध्याकडे घसरतात, आणि ती युनिटरी उरत नाही. दोन्ही मूल्यं सारखीच घसरली तर कोन शाबूत राहतो, पण बाहेर येणारा प्रकाश इतका मंद होतो की काळोखाची नेमकी जागा ठरवता येत नाही. एखाद्या पदार्थाने उजव्या आणि डाव्या वर्तुळाला कमी-जास्त गिळलं, तर बाहेर सरळ कंपाच्या जागी लंबगोल येतो आणि पूर्ण काळोख कुठल्याच कोनावर मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत रसात आधी लेड सबॲसिटेट टाकून, गाळून, मग तो नळीत भरण्याची पद्धत पडली. शिसं विषारी, हाताळायला नकोसं. त्यावर निघालेली तोड अशी की काही पोलॅरिमीटर ८८० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर चालतात. त्या लांबीच्या लाटेला रसाचा रंग फारसा अडवत नाही, मूल्यं पुन्हा वर्तुळाच्या जवळ जाऊन बसतात, आणि शिसं न टाकता नुसता गाळलेला रस नळीत भरून पोल वाचता येतो.